आजीच्या माहितीपटात एआय कुठवर वापरू? मदत हवी आहे

माणगंगाकाठ
नमस्कार मंडळी. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी माण तालुक्यात खडी फोडायला जायची. गेल्या वर्षी तिच्याशी बोलून नऊ तास चित्रीकरण केलं, यंदा ती गेली. आता वीसेक मिनिटांचा माहितीपट करतोय. बजेट म्हणजे माझा लॅपटॉप आणि सुट्टीचे दिवस.

चुलतभाऊ म्हणतो, सगळं एआयला दे. मजकूर उतरवणं, ट्रॅक्टरचा आवाज काढणं, रफ कट, इंग्रजी सबटायटल्स. कामावरचा एकही फोटो आमच्याकडे नाही, तर तेही 'बनवू'. एका ठिकाणी आजी म्हणते, "मुकादमानं माझं नाव…" आणि नेमके पुढचे तीन-चार शब्द ट्रॅक्टरने गिळलेत. तिच्या आवाजाची नक्कल करून वाक्य पुरं करू, असंही तो म्हणतो. इथं माझं मन अडलं. कुठं थांबावं?

टाइमलाइनवाला
मजकूर उतरवायला बिनधास्त द्या, नऊ तास हाताने उतरवण्यात महिना जाईल. पण तो मजकूर म्हणजे 'कुठं काय आहे' हे शोधायची वही, एवढंच समजा. शांत जागी ही टूल्स न बोललेली वाक्यं घुसडतात, कधी तेच वाक्य चार वेळा लिहितात. कटमध्ये घ्याल तो प्रत्येक तुकडा कानाने पडताळा. बोलीभाषा तर हमखास चुकते.

रफ कट मात्र स्वतः करा. 'शांतता काढून टाका' हे बटण मुलाखतीत दाबूच नका. म्हातारी माणसं थांबतात तिथंच बरंच काही असतं.

माणगंगाकाठ
बोलीचं अगदी खरं! आजी म्हणाली, "मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली." मजकुरात आलं "मिळून खाल्ला, सुकी खाल्ली". इंग्रजी सबटायटलमध्ये त्याचं 'आम्ही एकत्र जेवलो' झालं. परदेशातून आलेली लाल ज्वारी नाइलाजाने खाल्ली, तर पडद्यावर पंगत! आणि बटण मी आधीच दाबलं होतं. "धाकटा तिथंच गेला" म्हटल्यावर ती सात सेकंद पदराशी चाळा करत गप्प बसलीय. कटमध्ये ती लगेच रोजगाराबद्दल बोलायला लागते. बघून माझाच मला राग आला.

फोटोशौकीन
चित्रं बनवायला काय हरकत आहे? यूट्यूबवर बनावट पण खरं वाटणारं काही असेल तर तसं जाहीर करायचा पर्याय आहे. टिक केली की विषय संपला.

टाइमलाइनवाला
निम्मं बरोबर. खरं वाटणारं दृश्य असेल तर ते जाहीर करावंच लागतं. पण ती सूचना यूट्यूबवरच राहते. कुणी तीस सेकंद कापून व्हॉट्सॲपवर टाकले की तुमचं चित्र '७२ चा दुर्मिळ फोटो' म्हणून गावोगाव फिरणार. करायचंच तर 'एआयने बनवलेलं' ही अक्षरं चित्रातच ठेवा, आणि फोटोसारखं करू नका, रेखाचित्र करा. मी तर करणारच नाही. आजीच्या हातचं एखादं काम अजून उभं आहे का?

माणगंगाकाठ
आहे की! पाझर तलावाचा बांध. त्याला तिच्या टोळीने फोडलेला दगड आहे.

टाइमलाइनवाला
मग उन्हात जाऊन त्याचं चित्रीकरण करा. दगडावर दगड आपटल्याचा आवाज जवळून घ्या, तिच्या बोलण्याखाली ठेवा.

ट्रॅक्टरबद्दल: आवाज साफ करणारं टूल चालेल, पण पूर्ण जोरावर नको. मूळ आवाज थोडा खाली राहू द्या. 'स', 'श' आणि शब्दांची शेवटं ऐका. ती पाण्याखालून आल्यासारखी वाटली तर जोर कमी करा. काही टूल्स साफ करत नाहीत, नव्याने आवाज घडवतात. तिथं ऐकू न आलेला शब्दसुद्धा 'स्पष्ट' होतो. तो धोका ओळखा.

लग्नसराई
दादा, माझी लग्नाची चार हजार क्लिप पडलीत. हसरे चेहरे निवडून देणारं टूल कुठलं घ्यावं?

टाइमलाइनवाला
भाऊ, वेगळा धागा काढा. तुमच्या कामाला एआय खरंच उपयोगी आहे, पण करवली रुसलेली क्लिप ते टाकून देईल एवढं लक्षात ठेवा.

ओवीसखी
आवाजाचं माझ्याकडून. ते गिळलेले शब्द कुणालाच माहीत नाहीत. म्हणजे नक्कल केली तर बोलणार तुमचा चुलतभाऊ, आजीच्या गळ्यातून! 'लिहिलंच न्हाई' म्हणाली की 'खोडलं' म्हणाली? मुकादमावरचा आरोपच बदलतो. २०२१ मध्ये अँथनी बोर्डेन या शेफवरच्या माहितीपटात त्यांच्या मृत्यूनंतर आवाज एआयने बनवला, तोही त्यांनीच लिहिलेल्या मजकुरासाठी. प्रेक्षकांना आधी न सांगितल्याने टीका झालीच. तुमच्याकडे तर मजकूरही नाही. वाक्य अर्धं ठेवा, खाली 'ऐकू येत नाही' लिहा. त्या टोळीतली कुणी हयात असेल तर तिला विचारा.

फोटोशौकीन
पण घरच्यांनी परवानगी दिली तर? आजी त्यांचीच ना.

ओवीसखी
आवाज आजीचा होता, घरच्यांचा नव्हे. तिला विचारलं असतं तर वेगळी गोष्ट.

माणगंगाकाठ
इथंच घोळ आहे. आत्याला नक्कल हवीय, म्हणते परत ऐकायला मिळेल. वडील नको म्हणतात. फक्त घरात ऐकायला केली, माहितीपटात नाही, तर? तेही मला नीट वाटत नाही. टोळीतली एक आजी शेजारच्या वस्तीवर आहे, ऐकायला कमी येतं तिला. रविवारी हेडफोन घेऊन जातो. ते वाक्य तिला ऐकवून बघतो.