४५ मिनिटांत नीतिशास्त्राचा निबंध: आक्षेप सगळ्यात जोरदार घ्यायचा की झेपेल तेवढा?

कर्वेरोडची_सायली
टीवायला फिलॉसॉफी आहे माझं. पेपरात एक निबंध सक्तीचा असतो, ४५ मिनिटं, त्यात आपली भूमिका, युक्तिवाद, सगळ्यात जोरदार आक्षेप आणि त्याला उत्तर, असं चारही यायला हवं. सरावपरीक्षेला प्रश्न होता "गंभीर आजार रुग्णापासून लपवणं योग्य आहे का?" मी लिहिलं चूक आहे. युक्तिवादातच दीड पान गेलं, मग ७ मिनिटं उरली तेव्हा "खरं कळलं तर रुग्णाला धक्का बसेल" हा आक्षेप टाकला आणि दोन ओळीत खोडला. २० पैकी ९ मिळाले, शेरा होता "आक्षेप लुटुपुटूचा". मैत्रीण म्हणते सोपा आक्षेपच घ्यावा, निदान उत्तर तरी देता येतं. जबरी घेतला आणि मलाच उत्तर सुचलं नाही तर काय करायचं?

पेठेतला_वक्ता
मैत्रिणीचं बरोबर आहे. मी कॉलेजमध्ये तीन वर्षं वादविवाद केलाय, समोरच्याच्या हातात तलवार देऊन आपण नि:शस्त्र उभं राहायचं नसतं. मध्यम ताकदीचा आक्षेप घे, असा की ज्याचं उत्तर तुला आधीच माहितीये. आणि कच्चं काम वगैरे २ मिनिटांच्या वर नको, पेन चालायला लागलं की मुद्दे येतात. तुझं खरं दुखणं वेळेचं आहे, युक्तिवाद एका पानावर थांबव, बाकी आपोआप बसेल.

अभ्यासिका_सदाशिव
माझं थोडं वेगळं मत. हितसंबंधी कोण कोण ते आधी लिही, रुग्ण, घरचे, डॉक्टर, हॉस्पिटल, मग प्रत्येकाची मूल्यं, मग पर्याय, मग मधला मार्ग. आम्ही यूपीएससीच्या जीएस ४ ला १५० शब्दांत १० मार्कांचं उत्तर असंच बसवतो, केस स्टडीलाही हाच साचा चालतो. एका बाजूला झुकायचंच नाही, बॅलन्स्ड राहायचं.

जुनी_मास्तरीण
@अभ्यासिका_सदाशिव, तुमच्या परीक्षेला ते योग्यच आहे, तिथे अधिकारी म्हणून निर्णय कसा घ्याल ते बघतात. सायलीच्या प्रश्नात मात्र एक भूमिका घेऊन ती शेवटपर्यंत सांभाळायची आहे, तिथे मधला मार्ग लिहिला की भूमिकाच नाही असं धरतात.

सायली, मी बरीच वर्षं हेच पेपर तपासलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुझं वेळेचं गणित चुकलं हे खरं, पण ते चुकलं कारण आक्षेप तू लिहिता लिहिता शोधलास. तो भूमिकेचं पहिलं वाक्य लिहायच्या आधी सापडायला हवा.

उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर आपला युक्तिवाद तीन ओळीत मांडायचा. तुझा बहुतेक असा असणार: उरलेल्या दिवसांचं काय करायचं हे ठरवायचा हक्क रुग्णाचा आहे. आजार लपवला की ते ठरवणं त्याच्या हातातून जातं. म्हणून लपवणं चूक. आता एखादा शहाणा माणूस, ज्याचं तुझ्याशी पटत नाही पण जो दुष्ट किंवा मूर्ख नाही, तो यातल्या कुठल्या ओळीवर बोट ठेवेल? "धक्का बसेल" हे पहिल्या ओळीला लागत नाही, दुसरीलाही नाही. धक्का बसतो हे मान्य केलं तरी तुझ्या दोन्ही ओळी जागच्या जागी. म्हणून तो शेरा आला.

आता पहिली ओळ घे. आपल्याकडे ७४ वर्षांचे आजोबा असतात, बँकेचं पासबुकसुद्धा थोरल्या मुलाकडे, डॉक्टरकडे गेले तरी खुर्चीत बसून म्हणतात "काय ते ह्याच्याशी बोला". तो माणूस म्हणेल की ठरवण्याचं ओझं मुलावर टाकायचं हेच मी ठरवलंय, आता तुम्ही माझ्या हक्काच्या नावाखाली मला जबरदस्तीने रिपोर्ट वाचून दाखवताय. हा आक्षेप लागतो, कारण तो तुझंच तत्त्व घेऊन तुझ्या निष्कर्षाच्या विरुद्ध उभा राहतो.

उत्तर कुठून येतं बघ. आजोबांनी मुलावर सोपवलं म्हणून ते योग्य, म्हणजे वजन सोपवण्याला आहे, मुलाच्या इच्छेला नाही. मुलगा केबिनच्या दारात डॉक्टरांना गाठून "बाबांना सांगू नका हं" म्हणतो तेव्हा आजोबांनी काहीच सोपवलेलं नसतं. तेव्हा डॉक्टरांनी आजोबांनाच विचारायचं, "तुमच्या तपासण्यांबद्दल तुम्हाला सगळं सांगू की मुलाशी बोलू?" ते म्हणाले मुलाशी बोला, तर मग गप्प राहणं चूक नाही.

इथे तुझी भूमिकाच बदलली, लक्षात आलं का? "लपवणं चूक" हे आता टिकत नाही, टिकतं ते "रुग्णाने स्वतः नको म्हटलेलं नसताना लपवणं चूक". हे वाक्य निबंधाच्या पहिल्या चार ओळीत यायला हवं. तसं नसेल तर पहिल्या पानावर एक आणि शेवटच्या पानावर दुसरंच असं होतं, आणि तपासणाऱ्याला वाटतं पोरगी आक्षेपापुढे पळाली. दरवर्षी सगळ्यात जास्त मार्क मी यासाठी कापलेत.

वेळ अशी धर: कच्चं काम ९ मिनिटं, भूमिका ३, युक्तिवाद १०, आक्षेप ९, उत्तर १०, वाचायला ४. आणि स्वतःचा लिहायचा वेग घड्याळ लावून मोज. मिनिटाला १५ शब्द होत असतील तर ३२ मिनिटांत ४८० शब्द, त्यात युक्तिवाद दीडशेच्या वर जाऊच शकत नाही. प्रस्तावनेत "मानव हा समाजशील प्राणी" वगैरे लिहायला जागाच नाही.

पेठेतला_वक्ता
मॅडम एक सांगा, धक्का बसेल हा आक्षेप इतका टाकाऊ कसा? समजा मी म्हटलं की हक्क रुग्णाचाच आहे, मान्य, लपवल्याने तो जातो हेही मान्य, पण त्याचे शेवटचे तीन महिने भीतीत जाण्यापेक्षा हक्क गेलेला परवडला. हा तर तुमच्या "म्हणून" वरच घाव झाला की.

जुनी_मास्तरीण
बरोबर बोललात, हे मी वर नीट म्हटलं नाही. तुम्ही मांडलात तसा मांडला तर तो जोरदारच आहे, कारण दोन्ही ओळी मान्य करूनही निष्कर्ष येत नाही असं तुम्ही दाखवताय. सायलीच्या पेपरात "धक्का बसेल" एवढंच होतं, धक्का हक्कापेक्षा जड का हे नव्हतं. त्या एका वाक्याने फरक पडतो. पण मग तुमचाच मध्यम आक्षेपाचा सल्ला कुठे राहिला?

पेठेतला_वक्ता
राहिलाय अजून. घरी बसून हे सगळं सुचतं, हॉलमध्ये पर्यवेक्षक पुरवण्या वाटत फिरत असतात आणि शेजारच्याची दोन पानं भरलेली असतात. ९ मिनिटं पेन खाली ठेवून बसणं प्रत्येकाला जमणार नाही, मला तर नाहीच जमायचं.

टिळकरोड_शास्त्री
मला एक वेगळंच विचारायचंय. आपल्या परंपरेत आधी पूर्वपक्ष, मग सिद्धान्त. मीमांसकांच्या अधिकरणात, म्हणजे एकेका वेदवाक्यावरच्या चर्चेत, विषय, संशय, पूर्वपक्ष आणि मग सिद्धान्त असाच क्रम असतो, प्रतिपक्षाला आधी पूर्ण बोलू देतात. सायलीने आक्षेपापासूनच सुरुवात केली तर तो अर्धवट राहायचा प्रश्नच येणार नाही. भूमिका आधी का सांगायची?

जुनी_मास्तरीण
शास्त्रीबुवा, पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने मांडायचा ही सवय तिथूनच घ्यावी, याबद्दल दुमत नाही. पण तिथे वाचणाऱ्यासमोर मूळ वाक्य आधीपासून असतं, कशाबद्दल वाद आहे ते त्याला ठाऊक असतं. इथे तपासणारा गठ्ठ्यातला चाळिसावा पेपर उघडतो. पहिल्या पानावर "आजार लपवावा" याची बाजू वाचली तर तो तीच मुलीची भूमिका समजणार, आणि वेळ संपून सिद्धान्त राहिला तर तसेच मार्क देणार. भूमिका आधी लिहिली की निबंध कुठेही तुटला तरी ती काय म्हणतेय ते कळतं.

टिळकरोड_शास्त्री
वेळ संपण्याच्या भीतीने क्रम ठरवायचा हे मला पटत नाही, पण परीक्षा म्हणून मान्य.

वॉर्डातली_ताई
मी निबंध वगैरे लिहीत नाही, नर्स आहे, तो आजोबांचा भाग वाचून थांबले. वरती लिहिलंय की रुग्णालाच विचारा, सगळं सांगू की मुलाशी बोलू. अहो, असं विचारलं की माणसाला कळतंच! साधं काही असेल तर असं कोण विचारतं? आमच्याकडे एका काकांना डॉक्टरांनी असंच विचारलं, काका दोन मिनिटं खिडकीकडे बघत बसले, मग म्हणाले "मुलाशी बोला", आणि त्या दिवसापासून जेवणाचं ताट तसंच परत यायला लागलं. सांगितलं काहीच नव्हतं आणि कळलं सगळं होतं. मग काय करायचं आम्ही?

जुनी_मास्तरीण
ताई, तुम्ही निबंध लिहीत नाही म्हणता पण इतक्या चर्चेत माझ्या उत्तरावरचा खरा आक्षेप तुम्हीच आणलात. माझं उत्तर असं धरून चालतं की न सांगता नुसतं विचारता येतं. तुम्ही दाखवलंत की विचारणं हेच सांगणं होतं. यावर म्हणता येईल की हा प्रश्न रिपोर्ट आल्यावर विचारायचाच नाही, ॲडमिट करतानाच, प्रत्येकाला, फॉर्म भरतात तेव्हा विचारायचा, म्हणजे त्यातून काही ध्वनित होत नाही. पण तुमचे काका तर आधीच रिपोर्टच्या पलीकडे होते. त्यांच्यापुरतं माझ्याकडे उत्तर नाही.

कर्वेरोडची_सायली
काल रात्री टायमर लावून बसले, दुसरा प्रश्न घेतला, "मरणाऱ्या माणसाला एकांतात दिलेलं वचन नंतर मोडलं तर चालेल का?" मी "नाही" म्हणून सुरुवात केली. आक्षेप काढला की ज्याला वचन दिलं तो उरलाच नाही, मग नुकसान कोणाचं? आणि अडकले. कच्च्या कामातच १४ मिनिटं गेली, शेवटी उत्तर अर्ध्या वाक्यावर थांबलं. आता हे माझ्या मूळ प्रश्नासारखंच झालं ना, आक्षेप जबरी आणि उत्तर नाही.

पेठेतला_वक्ता
हेच म्हणत होतो मी. सोपा घेतला असतास तर निबंध पूर्ण झाला असता.

जुनी_मास्तरीण
पूर्ण झाला असता आणि परत ९ आले असते. सायली, आक्षेप सापडल्यावर उत्तराला घड्याळात २ मिनिटं द्यायची. नाही सुचलं तर बाजू बदलायची. तुझा आक्षेप तुलाच हरवतोय तर तोच तुझा युक्तिवाद कर, "चालेल" अशी भूमिका घे, आणि तुझा जुना युक्तिवाद आता आक्षेप म्हणून वापर, तो तर तुला पाठच आहे. पेपरवर अजून एक ओळही लिहिलेली नसते, म्हणून हे करता येतं. बाजू कुठली घेतली याचे मार्क नसतात.

पेठेतला_वक्ता
आणि तिला खरंच वाटत असेल की वचन मोडणं चूक आहे, तर? आठव्या मिनिटाला मनाविरुद्धची बाजू घेऊन लिहायचं?

कर्वेरोडची_सायली
मला खरंच वाटतं चूक आहे. आजीला मी एक वचन दिलंय आणि ते कोणालाच माहीत नाही, म्हणूनच तो प्रश्न निवडला होता. बाजू बदलून बघते आज, पण आधी एकदा "नुकसान कोणाचं" याचं उत्तर शोधते, घड्याळ न लावता.