मदत हवी आहे: सेवेतून माहिती फुटल्यानंतर नेमके कोणते पासवर्ड बदलावेत?

रावेर येथे केळीच्या व्यापाऱ्याकडे मी हिशेब पाहतो. आम्ही वापरत असलेल्या बिलिंग सेवेने ग्राहकांचे ईमेल पत्ते व पासवर्डचे हॅश चोरीस गेल्याचे कळवून सर्वांचे पासवर्ड सक्तीने रद्द केले. नवा पासवर्ड ठेवला, पण खरी अडचण पुढेच आहे.

या सेवेत दर 90 दिवसांनी पासवर्डची मुदत संपत असल्याने मी दरवेळी केवळ शेवटचा आकडा वाढवत आलो. `Raver#07` नंतर `Raver#08`, आणि आता घाईत `Raver#09`. जुना हॅश उलगडला तर पुढचा आकडा कोणीही ओळखेल, त्यामुळे हा बदल नावापुरताच झाला असे मला वाटते. अशा सवयीमुळेच अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने 2017 च्या मार्गदर्शनात ठरावीक मुदतीची सक्ती नको, मात्र पासवर्ड फुटल्याचा पुरावा असल्यास तो बदलायलाच लावावा, असे म्हटले आहे.

`Raver#07` हाच पासवर्ड दुकानाच्या ईमेललाही आहे आणि इतर सर्व खात्यांचे रीसेट दुवे तेथेच येतात. म्हणून प्रथम ईमेलचा, मग बिलिंगचा पासवर्ड पूर्णपणे नवा करावा, आणि बँकेचा स्वतंत्र पासवर्ड तसाच ठेवावा, असा माझा विचार आहे. हा क्रम योग्य आहे का? तसेच ईमेलमध्ये कोणी आधीच शिरले असल्यास लॉगिन असलेली उपकरणे, फॉरवर्डिंगचे नियम व रिकव्हरी क्रमांक यांखेरीज आणखी काय तपासावे?