मदत हवी आहे: रोजच्या हिजाबखाली खाज, कानशिलांवर केस विरळ

पंचगंगाकाठ
सकाळी न्हाऊन ओल्या केसांचाच घट्ट अंबाडा घालते, वर नायलॉनची टोपी, मग स्कार्फ. शिरोली एमआयडीसीला स्कूटीवरून जाते, म्हणजे त्यावर हेल्मेट. हे सगळं संध्याकाळीच उतरतं. पाऊस सुरू झाल्यापासून डोकं खाजतंय, मानेच्या वरच्या भागात पिवळट, चिकट कोंडा धरलाय, टोपीला कुबट वास येतो. दोन्ही कानशिलांवरचे केसही विरळ झालेत. हिजाब सोडणार नाही, तेवढं सोडून सांगा.

करवीरची_वहिनी
अगं, ओले केस बांधू नकोस आणि टोपी सुती घे. रात्री कोमट खोबरेल जिरव. कोरडेपणानंच कोंडा होतो.

रंकाळा_रायडर
मलाही हेल्मेटनं टक्कल पडतंय, पण टाळूवर. कुठलं हेल्मेट घेऊ?

दवाखान्यातली_ताई
रायडर, टाळूवरचं टक्कल बहुतेक आनुवंशिक असतं, हेल्मेट बदलून थांबणार नाही. कृपया वेगळा धागा काढा.

पंचगंगाकाठ, मी त्वचारोग दवाखान्यात काम करते. तुमच्या तक्रारी दोन आहेत, कारणंही दोन. वहिनींचं ओल्या केसांचं म्हणणं बरोबर, पण चिकट कोंडा कोरडेपणाचा नसतो. डोक्यावरच्या तेलकटपणावर जगणारी बुरशी घाम आणि ओलीत वाढते. रात्रभरचं तेल म्हणजे तिला खाऊच. सध्या तेल बंद ठेवा. केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू ओल्या डोक्याला बोटांनी लावून ५ मिनिटं ठेवा, मग धुवा. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. लगेच धुतलात तर फारसा उपयोग होत नाही. कोंडा गेल्यावरही पंधरवड्यातून एकदा लावा, नाहीतर परत येतो.

कानशिलांवरचं ओढीमुळे वाटतंय. आरशात अगदी कडेला बघा. कडेची बारीक, आखूड लव शिल्लक आणि तिच्या मागची जागा विरळ असेल, तर ओढच. अंबाड्याऐवजी सैल वेणी घाला, पिनांची जागा रोज बदला. लवकर सावरलं तर केस परत येतात, पण काही महिने लागतात. कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तर तिथं आशा कमी.

गोल चट्टा, त्यात तुटलेले खुंट किंवा पू दिसला तर शाम्पूवर थांबू नका, तो गजकर्ण असू शकतो आणि त्याला पोटातून गोळ्या लागतात. दुकानातून खाजेची ट्यूब आणून चोळू नका, तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्यानं खाज दबते, बुरशी पसरते.

पंचगंगाकाठ
बघितलं. कडेला लव आहे, मागे पातळ. चट्टा नाही. पण वेणी सैल ठेवली की स्कार्फ स्कूटीवर मागे सरकतो.

दवाखान्यातली_ताई
स्कार्फखाली रुंद मखमली पट्टी लावा, मखमलीच्या उभ्या लवेमुळे ती कापड धरून ठेवते. काढल्यावर कपाळावर वळ दिसला तर ती घट्ट आहे. सुती टोप्या तीन ठेवा, रोज बदला, पावसाळ्यात इस्त्रीनं पूर्ण वाळवा.

पंचगंगाकाठ
आता रात्री न्हायलाच हवं. पण माझे केस कमरेपर्यंत आहेत, या हवेत सकाळपर्यंतही वाळत नाहीत. ड्रायर रोज चालेल का? लांब केसवाल्या कुणी सांगाल?