वडिलांची आखूड काठी सापडली: काठी, कुत्रा की फोन, तुमच्या घरी काय ठरले?

मोंढेकरीण: काल माळा आवरताना वडिलांची पहिली पांढरी काठी हाती लागली. मधुमेहामुळे दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली तेव्हा ते 54 वर्षांचे होते, आणि घरापासून परभणीच्या मोंढ्यातील आडत दुकानापर्यंतच्या जेमतेम 600 पावलांसाठी त्यांना कोणाचा तरी हात धरावा लागे. भाऊ म्हणत होता फोनवर नकाशा लावा, मामा म्हणत होते शिकवलेला कुत्रा आणा. या वादात औषधाच्या दुकानातून कमरेएवढी काठी आणली गेली आणि चौथ्या दिवशी वडिलांचा पाय उघड्या नालीत गेला. तुमच्याकडे काय झाले?

लातूरचा भाचा: ताई, आता काठीची गरज उरलेली नाही असे माझे मत आहे. फोनवरचे वाचून दाखवणारे टॉकबॅक सुरू करून कानात इअरफोन घातला की फोन प्रत्येक वळण सांगतो.

मोंढेकरीण: भाऊही हेच म्हणत असे. फोनने वळण बरोबर सांगितले, पण "आपण पोहोचलात" हे वाक्य वडिलांनी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून ऐकले. शिवाय दोन्ही कान बंद असल्याने मागून आलेला टेम्पो त्यांना कळला नाही.

चालणे शिकवणारा, संभाजीनगर: मोकळ्या आकाशाखालीही फोनला आपली जागा साधारण 5 मीटरच्या आत-बाहेरच कळते, आणि नाली तर दीड फूटच रुंद असते. म्हणून फोन रस्ता सांगतो, पाऊल कुठे टाकायचे ते सांगत नाही. तुमच्या काठीची चूक मात्र लांबीची होती. कमरेएवढी काठी भार टाकण्यासाठी असते; पुढचे शोधण्याची काठी छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी लागते. वडिलांची उंची 5 फूट 4 इंच धरली, तर ती सुमारे 120 सेंटिमीटर हवी. टोक खांद्यांपेक्षा किंचित रुंद फिरवावे आणि डावा पाय पुढे पडताना ते उजवीकडे असावे, म्हणजे पुढचे, उजवे पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासली जाते. बहुतेक लोक नेमके उलटे करतात आणि एका बाजूला सारखे ठेचकाळतात, त्यावरूनच चूक ओळखता येते.

जालन्याची मावशी: माझ्या दिरांनाही साखर आहे. पडद्याची शस्त्रक्रिया कोठे केली ते कळवाल का?

मोंढेकरीण: मावशी, शस्त्रक्रिया झाली होती, पण उशीर झाला होता. दिरांचा डोळ्यांचा पडदा दरवर्षी तपासून घ्या. बाकी सवडीने लिहिते.

बीडचा मामेभाऊ: कुत्र्याबद्दल कोणीच बोलत नाही. "दुकान" म्हटले की तो थेट दुकानात नेतो, असे मी ऐकले आहे.

चालणे शिकवणारा, संभाजीनगर: रोजची वाट त्याच्या सवयीची होते हे खरे आहे. पण नवी वाट माणसानेच मनात आखायची असते आणि डावे, उजवे, सरळ असे हुकूम द्यायचे असतात. रस्ता केव्हा ओलांडायचा हेही माणूस वाहनांच्या आवाजावरून ठरवतो. समोर गाडी आली, तर कुत्रा हुकूम मोडून थांबतो, एवढी त्याची मदत असते. म्हणून आधी काठी यावी लागते. आपल्याकडे असा कुत्रा मिळणेही फार दुर्मिळ आहे, आणि तो काम करतो ती वर्षे साधारण 8 असतात.

मोंढेकरीण: शिवाय मोंढ्यातील मोकाट कुत्र्यांनी त्याला चालू दिले असते का, ही शंका वेगळीच आहे.

रातांधळा, नांदेड: माझे प्रकरण निराळे आहे. मला दिवसा समोरचे दिसते, अंधार पडला की काहीच दिसत नाही. म्हणून काठी घडी करून पिशवीत असते आणि सायंकाळी उघडते. लोक "सकाळी तर दिसत होते" असे म्हणतात, त्याचाच अधिक त्रास होतो.

मोंढेकरीण: सर, एक अडचण अजून सुटलेली नाही. मधुमेहाने वडिलांची बोटेही बधिर झाली आहेत, त्यामुळे नालीची कड काठीतून त्यांच्या हाताला नीट कळत नाही. आयआयटी दिल्लीत विकसित झालेले ध्वनिलहरींचे उपकरण काठीला लावून पाहिले, कारण ट्रकचा उघडा फाळका कपाळाला लागे. परंतु ते उपकरण थरथरूनच इशारा देते.

चालणे शिकवणारा, संभाजीनगर: घडीच्या काठीऐवजी सांधा नसलेली, कडक टोकाची काठी द्या, तिचा आवाज तरी ऐकू येतो. फाळक्यासाठी मोकळा हात चेहऱ्यापुढे आडवा धरणे हाच उपाय मला ठाऊक आहे, आणि तो कोणी फार वेळ पाळत नाही.

मोंढेकरीण: वडीलही पाळत नाहीत. सध्या ते लांब काठीने नालीच्या भिंतीचा कडेकडेने माग घेत जातात आणि पिठाच्या गिरणीचा आवाज उजव्या कानावर आला की वळतात. फोन ते फक्त रिक्षात उघडतात, चौकांची नावे ऐकण्यासाठी. गिरणी बंद असते त्या दिवशी मात्र अजूनही भावाला सोबत जावे लागते.