ईशान्य कोपऱ्याची भानगड (सोसायटी ग्रुप, जुळे सोलापूर)

अमोल बी-४: संतोषदादा नोटिशीचं काय झालं? मागच्या बंगल्यावाल्याने भिंत बांधून पार प्लॅस्टर पण केलं. खरेदीखताप्रमाणे ईशान्य कोपऱ्यात आपली दोन मीटर जागा त्याच्याकडं गेलीय, आणि आपण नुसतं ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकतोय

संतोष सेक्रेटरी: वकिलांनी मसुदा दिलाय, उद्या सही करतो म्हटलं होतं. पण देशपांडे काका म्हणाले एक रात्र थांब

श्रीनिवास अण्णा: कशाला थांबायचं ओ

देशपांडे काका: कारण खरेदीखत कुणी कागदावर काढूनच बघितलेलं नाही. साधारण खतात चतुःसीमाच असते, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमुकचा प्लॉट, बास. आपल्या खताला परिशिष्टात चारही बाजूंची बेअरिंग, म्हणजे दिशेचे कोन, आणि लांबी दिलीय, हे नशीब. मग ते वापरा की. मी काल रात्री जेवण झाल्यावर ड्रॉइंग बोर्ड काढला, हिला वाटलं परत नोकरी लागली

देशपांडे काका: परिशिष्टातलं जसंच्या तसं देतो. अ म्हणजे नैऋत्येचा दगड, तिथून घड्याळाच्या दिशेने.
अ ते ब एन ५ ई, ४० मीटर
ब ते क एन ८८ ई, ३० मीटर
क ते ड एस ५ डब्ल्यू, ४२ मीटर
ड ते अ एन ८४ डब्ल्यू, ३० मीटर
क्षेत्र १२२८ चौ.मी.

वर्षा वहिनी: काका एन ८८ ई म्हणजे काय ते आधी सांगा, आमची भूगोलात बोंब

देशपांडे काका: उत्तरेकडं तोंड करून उभं राहायचं आणि पूर्वेकडं ८८ अंश वळायचं. म्हणजे जवळजवळ पूर्व, पण २ अंश उत्तरेकडं चढून. एस ८८ ई असेल तर दक्षिणेकडं तोंड करून पूर्वेकडं वळायचं, तेही जवळजवळ पूर्वच, पण २ अंश खाली उतरून. हा फरक लक्षात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावर आहे

देशपांडे काका: एकास दोनशे स्केल घेतला, १ सेंमी म्हणजे २ मीटर, त्यामुळं ४० मीटर म्हणजे २० सेंमी आणि सगळा प्लॉट ए-फोर कागदावर बसतो. प्रत्येक कोपऱ्यावर आधी उत्तरेची बारीक रेघ मारायची, सगळ्या एकमेकींना समांतर, आणि कोन तिच्यापासूनच मोजायचा. मागच्या बाजूपासून कोन मोजला की चूक पुढं पुढं वाहत जाते. शाळेचा छोटा कोनमापक मी घेत नाही, त्यात अर्धा अंश चुकला तर २० सेंमीच्या शेवटी पावणेदोन मिमी हलतं, म्हणजे जागेवर ३५ सेंमी. ८८ अंशाला तर कोनमापक लागतच नाही. पूर्वेकडं १५ सेंमी सरळ रेघ ओढायची आणि टोकाला सव्वापाच मिमी वर चढायचं, झाले २ अंश

अमोल बी-४: बरं मग काय निघालं

देशपांडे काका: चौथी बाजू काढली आणि ती अ ला परत आलीच नाही. अ च्या वर ११ मिमीवर संपली. म्हणजे २.२ मीटरची फट, तीही जवळपास सरळ उत्तरेला. माझ्या पेन्सिलीची चूक तीनेक मिमी समजू शकतो, ११ नाही. चार बाजू फिरून माणूस निघाला तिथं पोचत नसेल तर वर्णनात कुठंतरी खोट आहे

संतोष सेक्रेटरी: पण खोट कुठल्या बाजूत हे कसं कळणार?

देशपांडे काका: फट कुठल्या दिशेला आहे ते बघायचं. लांबी चुकली असेल तर फट त्या बाजूला समांतर येते, बेअरिंग थोडं चुकलं असेल तर त्या बाजूला काटकोनात. आपली फट उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे तीन संशयित. अ-ब ची लांबी जास्त पडलीय, किंवा क-ड ची कमी पडलीय, किंवा ब-क किंवा ड-अ यातल्या एका आडव्या बाजूचं बेअरिंग चुकलंय

वर्षा वहिनी: हे चार झाले काका 😄

देशपांडे काका: बरोबर वहिनी, चार. आता एकेक बघा. अ-ब ४० ऐवजी ३७.८ केली तर आकृती मिटते पण क्षेत्र ११९० च्या आसपास येतं. क-ड ४२ ऐवजी ४४.२ केली तरी मिटते, क्षेत्र १२५४ च्या जवळ जातं. खतात १२२८ लिहिलंय. शिवाय टायपिंगमध्ये ३७.८ चे ४० कसे होतील? ड-अ चं बेअरिंग दोषी धरलं तर एन ८४ चं एन ८८ करावं लागतं, आकडाच बदलावा लागतो. आणि ब-क मध्ये फक्त एन च्या जागी एस लिहिलं, आकडा तोच ८८, की १५ सेंमीच्या टोकाला सव्वापाच मिमी वर चढायच्या ऐवजी सव्वापाच मिमी उतरलो. फरक १०.५ मिमी. फट होती ११. नवीन शेवट अ पासून अर्धा मिमीवर, जागेवर १० सेंमी. अंश पूर्ण आकड्यात लिहिलेत म्हणजे एवढं चालायचंच

देशपांडे काका: एस करून क्षेत्र काढलं. अ-क कर्ण कागदावर २५.६ सेंमी, म्हणजे ५१.२ मीटर. त्याच्यावर ब आणि ड पासून लंब टाकले, २३.४ आणि २४.६ मीटर. कर्णाचा निम्मा गुणिले लंबांची बेरीज, १२२८.८. ड-अ मध्ये चार अंश हलवले तर आकृती मिटते पण क्षेत्र १२२१ च्या आसपास येतं, १२२८ ला पोचत नाही

श्रीनिवास अण्णा: म्हणजे टायपिस्टने एस च्या जागी एन मारला?

देशपांडे काका: असंच दिसतंय. मूळ मोजणीचा कागद नसताना शपथेवर नाही सांगणार

अमोल बी-४: पण काका जागेवर टेप लावा की सरळ. भिंतीपर्यंत

देशपांडे काका: टेपने भिंत मोजली जाईल रे, हद्द नाही. भिंत त्याने सरकवली असेल तर टेप सरकवलेलीच मोजेल. खतातले आकडे आपसात जुळतात का हे बघायला टेप लागत नाही, आणि ते जुळेनात म्हणून तर ही फट

अमोल बी-४: आणि एस धरलं तर आपला ईशान्य कोपरा दोन मीटर खाली येतो

देशपांडे काका: हो. ३० मीटर लांब आणि एका टोकाला २.१ मीटर, अशी ३१ चौ.मी.ची पाचर आपल्याकडून जाते. म्हणजे गेली नाही, ती आपली नव्हतीच. त्याची भिंत बहुधा बरोबर आहे. माझं पण काल रात्री तोंड पडलं होतं

संतोष सेक्रेटरी: मग हे खत आता बरोबर समजायचं का एस धरून?

देशपांडे काका: समजायचं नाही. आकृती मिटली म्हणजे प्लॉटचा आकार पटला, तो जमिनीवर नेमका कुठं बसतो ते नाही. सगळी बेअरिंग एकाच बाजूला एक अंशाने फिरली असतील तर आकृती तशीच मिटेल आणि प्लॉट तिरका बसेल. सर्व्हेअरने होकायंत्राची उत्तर धरली का नकाशाची, तेही खतात लिहिलेलं नाही. त्यासाठी भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज टाकून मोजणी नकाशाची क प्रत घ्यायची. ती आली की विकणाऱ्याला बोलवून दुरुस्तीपत्र करून घ्यायचं, ते पण नोंदवावं लागतं, पेनने एन चा एस करायचा नाही कुणी

श्रीनिवास अण्णा: अमोल ऐकलंस का पेनने नाही

अमोल बी-४: 😐

संतोष सेक्रेटरी: नोटीस थांबवली. वकिलांना फोन करतो. काका तो कागद ऑफिसात ठेवा, अर्जासोबत लावू

देशपांडे काका: कागद मिळणार नाही. सकाळी हिने त्यात कडक भाकऱ्या गुंडाळून मुलीला पुण्याला पाठवल्या. आज परत काढतो