कोपरे कापले जातात? आधी टीव्हीचं ओव्हरस्कॅन बघा
«कन्सोलवरच्या गेमचा इंटरफेस स्केल ७० टक्क्यांवर आणला तरी कोपऱ्यातला नकाशा अर्धा कापलेलाच. अजून किती लहान करू?»

लहान करून उपयोग नाही. स्केलने नकाशाचा आकार बदलतो, पण तो कोपऱ्यालाच चिकटून राहतो, आणि कापला जातोय तो कोपरा. बहुतेक वेळा हे टीव्हीचं ओव्हरस्कॅन असतं: जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळातली सवय, चित्र थोडं फुगवून कडा चौकटीबाहेर ढकलायची. प्रत्येक कडेला अडीच टक्के गेले तरी १९२० × १०८० मध्ये डावी-उजवीकडे ४८ आणि वर-खाली २७ पिक्सेल गायब. आमच्याकडे बंदुकीतल्या ३० गोळ्या ३ दिसायच्या. भाऊ प्रत्येक चकमकीत उगाच रीलोड करत बसायचा!

म्हणून आधी टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये जा. ओव्हरस्कॅन बंद करणाऱ्या पर्यायाला एलजीवर Just Scan, सोनीवर Full Pixel अशी नावं असतात. कन्सोल ज्या एचडीएमआय पोर्टला आहे तोच इनपुट चालू ठेवून बदला. बऱ्याच टीव्हींवर हे प्रत्येक इनपुटला वेगळं असतं. आमचं घोडं इथेच अडलं होतं.

तसा पर्यायच नसेल, तर गेममधला सेफ एरिया वापरा, म्हणजे नकाशा-आकडे कुठवर दाखवायचे ते ठरवणारी चौकट. चौकटीच्या चारही रेषा जेमतेम दिसेपर्यंत आत घ्या, म्हणजे फक्त नकाशा-आकडे आत सरकतात. प्लेस्टेशनचं Adjust Display Area मी शेवटी ठेवीन, कारण ते अख्खं चित्रच आक्रसतं आणि बारीक अक्षरं किंचित पुसट होतात. स्केलला हात लावायचा तो हे सगळं झाल्यावर, सोफ्यावरून अक्षरं वाचता येत नसतील तरच.