कंपनी ताब्यात घ्यायची बोली आल्यावर संचालक मंडळाने हात बांधून बसायचं का?

अमळनेरकर: आमच्या घरी वडिलांपासून विप्रोचे शेअर आहेत. अमळनेरात ही नवलाई नाही. शेअर म्हणजे शेत, तो विकायचा नसतो, हे ऐकत मोठा झालो. परवा माइंडट्री या आयटी कंपनीचं 2019 चं प्रकरण वाचलं. एल अँड टीने कॅफे कॉफी डेवाल्या व्ही. जी. सिद्धार्थ यांचा त्यातला सुमारे 20 टक्के हिस्सा शेअरमागे 980 रुपयांनी घेतला आणि त्याच भावाने बाकीच्या भागधारकांकडून आणखी 31 टक्के घ्यायची ओपन ऑफर दिली. कंपनी उभारणाऱ्या प्रमोटरांकडे जेमतेम 13 टक्के. कंपनीनेच आपले शेअर परत विकत घ्यायचे, म्हणजे बायबॅकचा विषय मंडळापुढे होता, तोही 26 मार्चला सोडून दिला. शेतात कोणी घुसलं तर राखणदार गप्प बसतो का? माझ्या मते मंडळाला लढू द्यायला हवं.

तापीकाठ: शंभर टक्के पटलं. बायबॅक केलं असतं तर शेअर कमी झाले असते, प्रमोटरांचा टक्का वाढला असता आणि समोरचा परत गेला असता. कायद्यानेच हात बांधले.

सीएस_जळगाव: भाऊ, अर्धं बरोबर आहे. 100 शेअर धरा, प्रमोटरांचे 14 आणि बोलीदाराचे 20. कंपनीने लोकांकडून 10 शेअर परत घेतले आणि या दोघांनी दिले नाहीत, तर उरले 90. प्रमोटर साडेपंधरावर गेले, पण बोलीदारही आपोआप 22 च्या वर गेला. म्हणजे टक्क्यांच्या खेळात बायबॅक फारसं वाचवत नाही. त्याचा खरा मार दुसरीकडे बसतो. कंपनीची रोकड निघून जाते, आणि बायबॅकचा भाव ऑफरपेक्षा चढा ठेवला की लोक ऑफरकडे वळत नाहीत. आता ती रोकड कोणाची? सगळ्या भागधारकांची. ती प्रमोटरांची खुर्ची वाचवायला वापरायची का, एवढाच प्रश्न आहे.

राखणदाराची उपमा मला मान्य आहे, पण शेत त्याचं नसतं. मालकाला चांगला भाव आला तर विकायचं की नाही, हे मालकच ठरवणार.

आणि हात पूर्ण बांधलेले नाहीत. सेबीच्या 2011 च्या नियमावलीतला नियम 26 म्हणतो की ऑफरच्या काळात कंपनीचा धंदा नेहमीसारखा चालवा. मोठी मालमत्ता विकणं, मोठं कर्ज काढणं, नवे मतदानाचे शेअर देणं, बायबॅक हे करायचं असेल तर पोस्टल बॅलटने विशेष ठराव आणा. म्हणजे भागधारकांना विचारा.

तापीकाठ: मग विचारायचं होतं ना!

सीएस_जळगाव: खरी अडचण तिथेच आहे. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने लागतात. सगळे कधीच मतदान करत नाहीत. 80 टक्के मतं पडली तर 60 बाजूने हवीत. बोलीदाराच्या नावावर आधीच 20 च्या किंचित वर शेअर असतील, तर तो एकटा ठराव पाडतो. हे मला स्वतःला खटकतं.

डाळमिलवाला: आमच्याकडेही हेच चाललंय. एमआयडीसीत तिघा चुलतभावांची प्रायव्हेट लिमिटेड डाळमिल आहे. एक भाऊ बाहेरच्या व्यापाऱ्याला शेअर विकायला निघालाय. नियम 26 खाली त्याला अडवता येईल का?

सीएस_जळगाव: नाही दादा, तो नियम शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांचा. तुम्ही कंपनीचे आर्टिकल्स, म्हणजे तिचे अंतर्गत नियम काढा. शेअर आधी घरातल्यांना देऊ करायची अट बहुधा असते. भाव कसा ठरवायचा, किती दिवसांत उत्तर द्यायचं, ते तिथे वाचा. व्यवहार नोंदवायला येण्याआधी वाचा.

निवृत्त_कामगार_धुळे: सगळे भागधारकांचंच बोलताहेत. सूतगिरणीत मी तीस वर्षं काढली, मालक बदलला की आधी कोणाचा घास जातो ते पाहिलंय. कंपनी कायदा 2013 चं कलम 166 संचालकांना कंपनीचं, कर्मचाऱ्यांचं, समाजाचंही हित बघायला सांगतं. मग बोली आल्याच्या दिवशी ते कर्तव्य कुठे जातं? पोस्टल बॅलटमध्ये कामगाराला मत नाही.

सीएस_जळगाव: काका, ते कर्तव्य कुठेही जात नाही. नियम 26 काही ठरावीक कृती अडवतो, बोलणं अडवत नाही. स्वतंत्र संचालकांच्या समितीला ऑफरबद्दल कारणांसह मत द्यावंच लागतं आणि शेअर देण्याची मुदत उघडण्याच्या किमान दोन कामकाजाच्या दिवस आधी ते छापावं लागतं. माइंडट्रीत समितीने 980 चा भाव रास्त म्हटला. पण कर्मचाऱ्यांबद्दल बोलीदाराचा बेत काय आहे, हे समितीने विचारून लिहायला कोणी मना केलेलं नाही. चढी बोली लावणारा दुसरा शोधायलाही मंडळ मोकळं असतं. मात्र पहिल्या बोलीदाराच्या ऑफरच्या सविस्तर जाहीरनाम्यापासून 15 कामकाजाच्या दिवसांतच तशी बोली यावी लागते.

निवृत्त_कामगार_धुळे: विचारायला मना नाही आणि विचारायलाच हवं, यात फरक आहे. कायद्यात तो शब्द घालावा, एवढंच माझं म्हणणं.

अमळनेरकर: बायबॅकचा हिशोब वाचून माझं मत हललं. प्रमोटरांसाठी माझी रोकड जाऊ नये. पण 15 दिवस मला अजूनही थोडे वाटतात. इतक्या मोठ्या कंपनीची कागदपत्रं तपासून, हजारो कोटींची सोय करून दुसरा कोण एवढ्यात उभा राहील? माइंडट्रीत कोणी आलं नाही. एल अँड टी साठ टक्क्यांवर गेली.

सीएस_जळगाव: मुदत वाढवली तर कंपनी तितके दिवस अधांतरी राहते, कामाची माणसं निघून जातात. पण 15 चे 25 करावेत, याला मी विरोध करणार नाही.